एक फोन, दोन डीव्हीआर आणि एक प्रमाणपत्र: इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा घोळ सोडवू या

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत, कलमांचे आकडे मात्र नीट लिहिले आहेत. परीक्षेआधी चाळायला बरं पडेल.)

आजचा विषय लॉच्या पोरांना छळणारा आहे, आणि भोसरी, चाकण, तळेगाव पट्ट्यात धंदा किंवा नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागणारा. कोर्टात व्हॉट्सॲप चॅट, सीसीटीव्ही क्लिप, ईमेल असं काही द्यायचं असेल तर ते सिद्ध कसं करायचं? प्रमाणपत्र लागतं म्हणजे नेमकं कधी लागतं? कोणाचं? आणि परीक्षेत याच प्रश्नावर इतके मार्क का जातात?

सगळा विषय एका भागात मावणार नाही. म्हणून आज एकच चाकणचं उदाहरण घेऊ आणि त्याला जोडून जालन्याची एक खरी केस. ती केस नीट कळली की निम्मा विषय झाला समजा.

आधी उदाहरण

समजा, भोसरी एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. मालकांना आपण नुसतं काका म्हणू. काकांनी चाकणच्या एका कंपनीला जॉबवर्कचा माल दिला. बिल २ लाख ४० हजारांचं. माल गेला १२ ऑगस्ट २०२५ ला, संध्याकाळी टेम्पोने. तीन महिने झाले तरी पैसे नाहीत, आणि आता कंपनी म्हणते, "माल आमच्याकडे आलाच नाही." चलनावर सही आहे, पण कंपनी म्हणते ती आमच्या माणसाची नाही.

काका राजगुरुनगरच्या कोर्टात दावा लावायला निघाले. त्यांच्या हातात तीन गोष्टी आहेत.

पहिली, त्यांचा मोबाइल. त्यात कंपनीच्या पर्चेसवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे: "माल मिळाला, दोन पीस रिजेक्ट आहेत." दुसरी, त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपचा सीसीटीव्ही. त्यात टेम्पो भरताना दिसतो. आणि तिसरी गोष्ट त्यांच्या हातात नाहीच, ती कंपनीकडे आहे: चाकणच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. त्यात टेम्पो आत जाताना दिसणार, हे काकांना पक्कं माहीत आहे.

तीनही गोष्टी इलेक्ट्रॉनिक. पण कायद्याच्या नजरेत तिघींची वाट वेगळी. इथेच परीक्षेतला पहिला सापळा आहे. विद्यार्थी तिन्हीला एकच वाक्य लावतात: "इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आहे, म्हणून प्रमाणपत्र हवं." मार्क गेले.

जालन्याला काय झालं

आता खरी केस. नाव लिहून घ्या: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशाणराव गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०, तीन न्यायमूर्तींचं पीठ.

२०१४ ची विधानसभा निवडणूक, १०१ जालना मतदारसंघ. खोतकर जिंकले, अवघ्या २९६ मतांनी. हरलेले उमेदवार गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. एका मतदाराचीही याचिका होती. त्यांचं म्हणणं असं, की उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी ३ वाजता संपत होती आणि खोतकरांचे अर्ज ३ वाजून ५३ मिनिटांनी दिले गेले. म्हणजे ते स्वीकारायलाच नको होते. उलट निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, अर्ज वेळेत आले.

सगळा वाद घड्याळाचा. आणि अधिकाऱ्यांच्या दालनात व दालनाबाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. मग अडचण काय? रेकॉर्डिंग बघायचं आणि निकाल द्यायचा.

अडचण ही, की ते रेकॉर्डिंग सीडीवर उतरवून आलं. म्हणजे नक्कल. आणि तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी(४) प्रमाणे नकलेसोबत प्रमाणपत्र हवं. उच्च न्यायालयाने २१ मार्च २०१६ ला आदेश दिला, की मूळ रेकॉर्डिंग आवश्यक प्रमाणपत्रांसह सादर करा. सीड्या आल्या. सोबत एक कागदही आला. पण त्या कागदात एवढंच होतं, की २६ आणि २७ सप्टेंबरचं चित्रीकरण या सीड्यांमध्ये असल्याचं पाहिलं. कोणत्या यंत्रातून ते घेतलं, नक्कल कशी केली, यंत्र नीट चालत होतं का, यातलं काही नाही. नाव प्रमाणपत्राचं, पण ६५बी च्या कामाचं नाही. याचिकाकर्त्यांनी योग्य प्रमाणपत्र वारंवार मागितलं, ते मिळालं नाही.

उच्च न्यायालयाने मग वेगळा रस्ता धरला. निवडणूक निर्णय अधिकारी पिंजऱ्यात उभ्या होत्या, त्यांची लांबलचक उलटतपासणी झाली होती. चित्रीकरणाबद्दल त्यांनी जे सांगितलं, त्यावरून कलमाचं भरीव पालन झालं, असं धरून न्यायालयाने सीडीतला पुरावा स्वीकारला आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला निवडणूक रद्द ठरवली. खोतकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे स्थगिती मिळाली.

आता प्रश्न असा, की प्रमाणपत्राच्या जागी तोंडी साक्ष चालते का?

दोन निकालांची टक्कर

इथे एक गंमतशीर योगायोग बघा. जालन्याचे अर्ज भरले गेले २७ सप्टेंबर २०१४ ला. त्याच्या नऊच दिवस आधी, १८ सप्टेंबर २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका निवडणुकीच्या वादात निकाल दिला होता: अन्वर पी.व्ही. विरुद्ध पी.के. बशीर. तीन न्यायमूर्ती. त्यांनी सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची नक्कल द्यायची असेल तर ६५बी हाच रस्ता, प्रमाणपत्र नसेल तर ती नक्कल ग्राह्य नाही.

मग ३० जानेवारी २०१८ ला शफी मोहम्मद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य हा निकाल आला. दोन न्यायमूर्ती. ते म्हणाले, ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याच्याकडून प्रमाणपत्राचा हट्ट धरता येणार नाही, न्यायाच्या हितासाठी कोर्ट ही अट शिथिल करू शकतं.

ऐकायला शफी किती माणुसकीचा वाटतो! यंत्र दुसऱ्याचं, मी कागद कुठून आणू? म्हणून विद्यार्थी उत्तराच्या शेवटी शफी लिहितात आणि "अट शिथिल झाली आहे" असं म्हणून पेपर मिटतात. दुसरा सापळा. जालन्याच्या केसमध्ये तीन न्यायमूर्तींनी शफी रद्दबातल ठरवला आणि अन्वर बरोबर असल्याचं सांगितलं. प्रमाणपत्र ही ग्राह्यतेची पूर्वअट आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे औरंगाबाद खंडपीठाने धरलेला रस्ता चूक.

मग यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या माणसाने काय करायचं? न्यायालय म्हणालं, तुम्ही कोर्टाकडे अर्ज करा. प्रमाणपत्र हजर करायला लावायचे अधिकार कोर्टाला आहेतच: पुरावा कायद्याचं कलम १६५, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर १६, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१. शफीचा पायाच हा होता, की अशा माणसाला प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. तो पायाच चुकीचा.

आणि सगळं करूनही नाही मिळालं तर? इथे या निकालातली सगळ्यात महत्त्वाची ओळ येते. कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. लॅटिनमध्ये ते सूत्र "लेक्स नॉन कोगिट ॲड इम्पॉसिबिलिया" असं आहे. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र मागितलं, कोर्टाकडून आदेश मिळवला, पुन्हा पुन्हा मागितलं, आणि ते देणारा त्रयस्थ त्यांच्या हातातला नव्हता. त्यांच्या बाजूने शक्य ते सगळं झालं होतं, म्हणून त्यांना या अटीतून मोकळं केलं गेलं. शिवाय सीड्या बाजूला ठेवल्या तरी इतर पुराव्यावरून निष्कर्ष तोच निघत होता, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलं. तोवर २०१९ ची पुढची विधानसभा निवडणूकही होऊन गेली होती. वाद संपायच्या आत मुदतच संपली. एका धड प्रमाणपत्राची किंमत किती, ते यावरून कळतं.

फरक पकडा. शफी म्हणत होता, यंत्र तुझं नाही ना, मग सूट. जालन्याचा निकाल म्हणतो, यंत्र तुझं नाही हे सूट मिळायला पुरेसं नाही, आधी सगळे दरवाजे वाजव, कोर्टाचाही वाजव, आणि तरीही उघडले नाहीत तर सूट. उत्तरात हा फरक दोन वाक्यांत आला तरी परीक्षकाला कळतं, की पोराने निकाल समजून घेतलाय.

आता नवा कायदा: कलम ६३

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. ६५बी च्या जागी कलम ६३ आलं. गाभा तोच आहे: यंत्र नेहमीच्या कामात वापरलं जात होतं, अशी माहिती त्यात नेहमी भरली जात होती, यंत्र नीट चालत होतं किंवा बिघडलं असलं तरी त्याचा माहितीवर परिणाम झाला नाही, आणि दिलेली नक्कल त्याच माहितीतून आली आहे. पण प्रमाणपत्रात दोन मोठे बदल झाले.

पहिला बदल, एकाच्या जागी दोन सह्या. आधी यंत्राचा किंवा त्या कामाचा ताबा असलेल्या जबाबदार माणसाची सही पुरायची. आता त्याच्यासोबत तज्ज्ञाचीही सही हवी. कायद्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ए खाली अधिसूचित झालेला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक हा तज्ज्ञ असतो, हे कलम ३९ मध्ये येतं. पण भाग ब फक्त त्यानेच भरायचा, असं ६३ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून पेपरात "७९ए चाच परीक्षक हवा" असं ठासून लिहू नका. कलम काय बोलतं आणि कुठे गप्प आहे, तेवढं लिहा.

दुसरा बदल, हॅश व्हॅल्यू. नमुन्यात हॅशचा रकाना आहे, कोणत्या पद्धतीने काढली ते सांगावं लागतं आणि हॅशचा अहवाल सोबत जोडावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. फाइल चालवली की गणिताने एक लांब आकडा मिळतो. फाइलमधली एक अक्षराएवढी गोष्ट बदलली तरी आकडा पार बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तो असा निघतो:

```
Get-FileHash .\gate.mp4 -Algorithm SHA256
```

आज काढलेला आकडा आणि दोन वर्षांनी कोर्टात काढलेला आकडा एकच आला, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही असं म्हणता येतं. पण हॅश एवढंच सांगते. हॅश काढायच्या आधी कोणी क्लिप कापली असेल, तर त्या कापलेल्या क्लिपची हॅशही तितकीच शुद्ध येईल! म्हणून ती लवकर काढायची, यंत्रातून फाइल बाहेर आली की लगेच.

आणि हो, प्रमाणपत्र एकदा देऊन भागत नाही. रेकॉर्ड ग्राह्य धरावं म्हणून जेव्हा जेव्हा सादर कराल, त्या प्रत्येक वेळी ते सोबत हवं, असे कलमाचे शब्द आहेत.

काकांकडे परत येऊ

पहिली गोष्ट मोबाइल. काका स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले, म्हणाले हा फोन माझा, मी वापरतो, मेसेज याच फोनवर आला आणि याच फोनमध्ये आहे, आणि फोन कोर्टापुढे ठेवला. हे मूळ यंत्रच समोर आलं. जालन्याच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय: मूळ लॅपटॉप, टॅबलेट किंवा मोबाइल मालकाने हजर करून सिद्ध केला, तर प्रमाणपत्र लागत नाही. पण काकांनी चॅटचा स्क्रीनशॉट काढून प्रिंट दिली, तर ती नक्कल झाली आणि प्रमाणपत्र आलंच.

व्यवहारात फोन कोर्टात जमा झाला की किती दिवस परत मिळणार नाही सांगता येत नाही, आणि काकांचा सगळा धंदा त्या फोनवर. म्हणून बहुतेक वकील प्रिंट आणि प्रमाणपत्र हीच वाट धरतात. आणखी एक गोष्ट. मधल्या काळात काकांनी नवा फोन घेतला आणि बॅकअपवरून चॅट त्यात आणली, तर "मेसेज आधी याच फोनवर आला" असं त्यांना म्हणता येणार नाही. जुना फोन फुटला असला तरी तो एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही. दावा संपेपर्यंत कपाटात ठेवायचा.

दुसरी गोष्ट वर्कशॉपचा सीसीटीव्ही. अख्खा डीव्हीआर उचलून कोर्टात नेला तर तो मूळ. पण सहसा त्यातली क्लिप पेनड्राइव्हवर घेतात. इथे सगळ्यात मोठा शत्रू वकील नसतो, वेळ असतो. डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की तो जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढवतो. किती दिवसांनी, ते डिस्क आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. काका तीन महिन्यांनी जागे झाले असते तर १२ ऑगस्टची क्लिप बहुधा गेलेली असती. चलनाच्या सहीवर पहिली कुरबूर झाली, त्याच आठवड्यात त्यांनी ती काढून घेतली म्हणून वाचले.

क्लिप काढताना काकांनी काय काय केलं? डीव्हीआरची मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतला, कारण भाग अ मध्ये तो विचारतात. क्लिप यंत्राच्या मूळ फॉरमॅटमध्येच घेतली. लगेच हॅश काढली, तारीख-वेळ लिहिली. आणि एक छोटी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून बघितलं. ते ११ मिनिटं पुढे होतं. मग क्लिपवर १९:३१ दिसतंय म्हणजे खरे १९:२० वाजले होते, ही नोंद त्यांनी तेव्हाच केली. उलटतपासणीत समोरच्याने "चलनावर सात वीस आणि क्लिपवर सात एकतीस कसे?" असं विचारलं, तर उत्तर तयार. जालन्यात अख्खी निवडणूक घड्याळावर लटकली होती, हे आठवा. प्रमाणपत्र असलं म्हणून क्लिपवरची वेळ आपोआप खरी ठरत नाही.

काय केलं नाही, तेही ऐका. क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून डाउनलोड केली नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की फाइल दाबून लहान होते, म्हणजे ती वेगळी फाइल झाली आणि हॅशही वेगळी.

भाग अ वर सही काकांची, कारण डीव्हीआर त्यांच्या ताब्यात. भाग ब तज्ज्ञाचा.

तिसरी गोष्ट चाकणच्या गेटचा कॅमेरा. यंत्र समोरच्याचं. इथे काका शफी उघडून बसले तर बुडाले. त्यांनी आधी कंपनीला लेखी पत्र दिलं: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि प्रमाणपत्रासह द्या. पोच घेतली. उत्तर आलं नाही, तेव्हा दाव्यात कोर्टाकडे अर्ज केला, की रेकॉर्डिंग आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र हजर करायला सांगा. ऑर्डर १६ तीच आहे. जुन्या १६५ च्या जागी आता साक्ष्य अधिनियमाचं कलम १६८, आणि फौजदारी केस असती तर जुन्या ९१ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. आदेश होऊनही कंपनीने टाळलं, तर जालन्याचा निकाल काकांच्या कामाचा: मी सगळं केलं, कागद माझ्या हातात नाही. तो निकाल जुन्या कलमावरचा आहे, पण ६३ ची रचना तीच असल्यामुळे तर्क इथेही मांडता येतो. मात्र कंपनीने तोवर रेकॉर्डिंगच पुसलेलं असेल, तर सूट घेऊन काय दाखवणार? म्हणून ते पहिलं पत्र लवकर जायला हवं.

ग्राह्य म्हणजे सिद्ध नव्हे

हा सापळा सगळ्यांत खोल आहे. प्रमाणपत्र फक्त दार उघडतं. आत आलेल्या पुराव्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा पुढचा प्रश्न.

काकांच्या प्रिंटला प्रमाणपत्र आहे, चॅट रेकॉर्डवर आली. आता कंपनी म्हणेल, तो नंबर आमच्या पर्चेसवाल्याचा कशावरून? त्या दिवशी फोन त्याच्याच हातात होता कशावरून? "माल मिळाला" म्हणजे हाच माल कशावरून? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर प्रमाणपत्रात नाही. ते काकांना वेगळं द्यावं लागेल: त्याच नंबरवरून आधी आलेल्या ऑर्डरी, त्या ऑर्डरींवर झालेली पेमेंट, दोन पीस रिजेक्ट झाल्याचा मेसेज आणि परत आलेले ते दोन पीस. क्लिपचंही तेच. टेम्पो भोसरीत भरला हे दिसतं. चाकणला उतरला हे दिसत नाही.

पेपरात म्हणून दोन वेगळे परिच्छेद करा. एकात ग्राह्यता, दुसऱ्यात पुराव्याचं वजन. एकाच वाक्यात "प्रमाणपत्र असल्याने चॅट सिद्ध झाली" असं लिहिलंत की परीक्षकाचं लाल पेन उठलंच.

समस्येचं उत्तर लिहायचा क्रम

प्रश्न असा येतो: "अ ने ब च्या मेसेजची प्रिंट आणि दुकानाच्या सीसीटीव्हीची क्लिप पेनड्राइव्हवर सादर केली. प्रमाणपत्र नाही. ब ने हरकत घेतली. ठरवा."

सगळ्यात आधी तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीपासून खटला, चौकशी, तपास किंवा अपील चालू असेल, तर कलम १७० प्रमाणे ते जुन्या १८७२ च्या कायद्यानेच चालतं. तिथे ६५बी आणि एकच सही. घटना कधी घडली यापेक्षा प्रकरण तेव्हा प्रलंबित होतं का, हे विचारा.

मग विचारा, कोर्टासमोर काय ठेवलंय, मूळ यंत्र की त्यातून काढलेलं काही? इथे नव्या कायद्याच्या कलम ५७ ची स्पष्टीकरणं पोरांना चकवतात. त्यात एकाच वेळी अनेक ठिकाणी साठलेली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा म्हटली आहे. ते वाचून कुणी लिहितं, "पेनड्राइव्हवरची क्लिपही प्राथमिक, म्हणून प्रमाणपत्र नको." घाई करू नका. यंत्रात आपोआप साठलेल्या फाइली वेगळ्या आणि नंतर कोणीतरी बसून काढलेली नक्कल वेगळी. शिवाय कलम ६३ ची सुरुवातच "या अधिनियमात काहीही असले तरी" अशा अर्थाच्या शब्दांनी होते. दोन्ही कलमं मांडा आणि मगच निष्कर्ष काढा.

नक्कल आहे असं ठरलं, तर प्रमाणपत्र नसल्यामुळे ती आज ग्राह्य नाही. पण "म्हणून पुरावा कायमचा बाद" असं लिहू नका. जालन्याच्या निकालात म्हटलंय, की खटला संपेपर्यंत, समोरच्यावर अन्याय होत नसेल तर, कोर्ट प्रमाणपत्र सादर करायची परवानगी देऊ शकतं. फौजदारी खटल्यात हा समतोल जास्त काटेकोरपणे बघावा लागतो, कारण आरोपीच्या बचावाचा प्रश्न असतो. म्हणजे "अ" साठी उत्तर असं: मूळ फोन आणा, किंवा दोन्ही भागांचं प्रमाणपत्र देण्याची परवानगी मागा. दुकान "अ" चंच असेल तर "यंत्र माझ्या ताब्यात नव्हतं" ही सबब त्याला नाही, जालन्यासारखी सूटही नाही.

आणि शेवटी, प्रमाणपत्र आलं असं धरून, वजनाचा परिच्छेद.

एवढा क्रम वहीत एका पानावर लिहून काढा: तारीख, मूळ की नक्कल, प्रमाणपत्र, नसेल तर कोणाच्या ताब्यात आणि काय प्रयत्न केले, मग वजन. पुढच्या भागात कॉल रेकॉर्डिंग घेऊ. त्यात हाच क्रम लागतो, फक्त आवाज कोणाचा हा प्रश्न वाढतो. भेटू.